पत्नी म्हणजे धन, पती म्हणजे अधिकारी

१ ऑक्टोबर १९९१, सकाळचे दहा, गाव बीजिंग. समजा, त्या वेळी एका घरात जुळी झाली, एक मुलगा आणि एक मुलगी. बाझी या चिनी पद्धतीने दोघांच्या पत्रिका मांडल्या तर त्या अगदी सारख्या येतात, एका अक्षराचाही फरक पडत नाही. पण विषय लग्नाचा निघाला की ज्योतिषी मुलाच्या पत्रिकेत माती शोधतो आणि मुलीच्या पत्रिकेत धातू. भावाला बायको कशी मिळेल हे माती सांगणार आणि बहिणीला नवरा कसा मिळेल हे धातू सांगणार. पत्रिका एकच असताना हा फरक येतो कुठून, हे कळलं की बाझीचा निम्मा सांगाडा हाती लागतो.

बाझी म्हणजे आठ अक्षरं. जन्माचं वर्ष, महिना, दिवस आणि वेळ असे चार खांब, आणि प्रत्येक खांबात वर एक आणि खाली एक अशी दोन अक्षरं. वरच्या अक्षराला स्वर्गीय खोड म्हणतात, ती दहा आहेत. खालच्याला पार्थिव फांदी, त्या बारा. खोड आणि फांदी जोडीने पुढे सरकत ६० जोड्यांचं चक्र पूर्ण करतात. साठांचं चक्र आपल्यालाही परकं नाही. प्रभव, विभव करत जाणारी आपली संवत्सरंही साठच. चिनी लोकांनी मात्र ते चक्र वर्षांपुरतं न ठेवता महिन्यांना, दिवसांना आणि दोन-दोन तासांच्या प्रहरांनाही लावलं. या पद्धतीत ग्रह नाहीत, राशी नाहीत, आकाशाकडे बघणं जवळजवळ नाहीच. सूर्याच्या गतीवरून महिने ठरतात, तेवढाच आकाशाशी संबंध. बाकी सगळं काम दिनदर्शिकेचं.

या आठ अक्षरांतलं एक अक्षर म्हणजे पत्रिकेचा मालक. दिवसाच्या खांबातलं वरचं अक्षर. त्याला चिनीत रिझू म्हणतात, इंग्रजी पुस्तकांत डे मास्टर. आपण दिनस्वामी म्हणू. हा मान त्याला पहिल्यापासून नव्हता. तांग राजवटीतला ली शूझोंग हा या शास्त्राचा जुना आचार्य मानला जातो. त्याच्या काळी वर्षाचा खांब मुख्य असे, म्हणजे माणूस आधी कुळाचा, मग स्वतःचा. पुढे सोंग काळाच्या सुमारास शू झीपिंगच्या नावावर असलेल्या पद्धतीने केंद्र दिवसाच्या खांबावर आणलं. वर्ष पूर्वजांचं, महिना आईवडिलांचा, दिवस स्वतःचा आणि प्रहर मुलांचा, अशी वाटणी झाली. दिवसाच्या खांबात वर आपण आणि खाली, आपल्या पायाशी, जोडीदाराचं घर. आजही या साऱ्या विद्येला झीपिंगची विद्या म्हणतात.

आपल्या जुळ्यांचा दिनस्वामी आहे ‘जिया’, म्हणजे उंच वाढलेलं झाड. दहा खोडांना अशी दहा रूपं दिलेली आहेत. लाकूड, अग्नी, माती, धातू आणि पाणी ही पाच तत्त्वं, आणि प्रत्येकाची यांग व यिन अशी दोन रूपं. लाकडात यांग म्हणजे झाड आणि यिन म्हणजे वेल. अग्नीत सूर्य आणि दिव्याची ज्योत. मातीत डोंगर आणि शेतजमीन. धातूत कुऱ्हाड आणि दागिना. पाण्यात समुद्र आणि पाऊस. चिनी नावांपेक्षा ही रूपं लक्षात ठेवायला सोपी आहेत, म्हणून पुढे तीच वापरतो.

आता झाडाच्या जागी उभं राहून बाकीच्या तत्त्वांकडे बघायचं. जो माझ्याच जातीचा तो भाऊबंद. ज्याला मी जन्म देतो, म्हणजे लाकूड जाळून निघणारा अग्नी, ते माझं सर्जन. ज्याच्यावर मी ताबा मिळवतो, म्हणजे मुळांनी धरून ठेवलेली माती, ते माझं धन. जो माझ्यावर ताबा मिळवतो, म्हणजे लाकूड तोडणारा धातू, तो अधिकारी. आणि जो मला पोसतो, म्हणजे पाणी, ती मुद्रा. दरबारी शिक्का या अर्थाची, आधार देणारी. अशी पाच नाती झाली. समोरचा माझ्याच ध्रुवाचा, म्हणजे यांगला यांग, की विरुद्ध ध्रुवाचा, यावरून प्रत्येक नात्याचे पुन्हा दोन भाग पडतात आणि दहा नावं तयार होतात. यांनाच दहा देव म्हणतात. देव हे नाव सोडलं तर देवपण काही नाही. ना देऊळ, ना पूजा. दिनस्वामी बदलला की सगळी नाती बदलतात: झाडाला जी शेतजमीन धन आहे, तीच पावसाच्या दिनस्वामीला अधिकारी होते.

विरुद्ध ध्रुवाचं धन ते सरळ धन, आणि पुरुषाच्या पत्रिकेत तीच पत्नी. विरुद्ध ध्रुवाचा अधिकारी तो सरळ अधिकारी, आणि स्त्रीच्या पत्रिकेत तोच पती. यांगला यिन आणि यिनला यांग अशी जोडी जमली की नातं रीतसर मानलं जातं.

वाचताना मनात जो प्रश्न येतो तो योग्यच आहे. नवऱ्याने जिच्यावर ताबा मिळवायचा ती बायको, आणि बायकोवर जो अधिकार गाजवतो तो नवरा. जुन्या चिनी घराचा कायदाच इथे पाच तत्त्वांच्या भाषेत लिहिला आहे. बापाच्या, मग नवऱ्याच्या, मग मुलाच्या आज्ञेत राहावं ही तिथल्या स्त्रीची पारंपरिक चौकट, आणि ज्या घरात पत्नी मालमत्तेबरोबर मोजली जाई त्या घराच्या हिशोबात धन आणि पत्नी एकाच खात्यात पडले तर नवल नाही. विश्वाचं काही गूढ सत्य म्हणून हे मांडणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. पण ही मांडणी आतून किती घट्ट विणलेली आहे, ते बघण्यासारखं आहे.

झाडाची आई कोण? त्याला पोसणारं, विरुद्ध ध्रुवाचं पाणी, म्हणजे पाऊस. पावसाचा नवरा कोण? पावसावर ताबा मिळवणारी विरुद्ध ध्रुवाची माती, म्हणजे डोंगर. मग डोंगर झाला झाडाचा बाप. आणि डोंगर झाडाचा लागतो कोण, तर त्याच ध्रुवाचं धन, म्हणजे वाकडं धन. म्हणून बाझीत वडील वाकड्या धनात बघतात. आता मुलं. झाडाची बायको शेतजमीन, आणि मातीतून धातू निघतो; म्हणून पुरुषाची मुलं अधिकाऱ्याच्या खात्यात. स्त्रीची मुलं मात्र सरळ तिच्या सर्जनात, कारण तिने स्वतः जन्म दिलेला असतो. आणि सासू? सुनेचा नवरा धातू, धातूची आई माती, म्हणजे सासू पुन्हा धनाच्या खात्यात आणि तेही बापाच्याच खणात. एका मूळ गृहीतकातून अख्खं एकत्र कुटुंब गणिताने बाहेर येतं.

वाकड्या धनाचं दुसरं काम जास्त अडचणीचं आहे. पुरुषाच्या पत्रिकेत बापाखेरीज ते उपपत्नीचंही स्थान. तसंच स्त्रीच्या पत्रिकेत त्याच ध्रुवाचा, वाकडा अधिकारी म्हणजे लग्नाबाहेरचा किंवा दुसरा पुरुष. त्याचं नाव ‘ची-शा’, सातवा मारेकरी, कारण कुठल्याही खोडापासून मोजलं तर सातवं खोड त्याच्यावर वार करतं. पूर्वी उपपत्नी घरात राजरोस असे, तेव्हा हे खण अगदी व्यवहाराचे होते. चीनमध्ये १९५० च्या विवाह कायद्याने ही प्रथा बंद केली. हाँगकाँगमध्ये तर ती १९७१ पर्यंत कायदेशीर होती. आता ज्योतिषी त्याच खणात मैत्रीण, प्रियकर, पहिलं प्रेम असं काहीबाही वाचतात. खण तोच, पाटी बदलली.

आता जुळ्यांची पत्रिका उलगडू. वर्षाच्या खांबात वर दागिना, खाली मेंढा. महिन्यात वर ज्योत, खाली कोंबडा. दिवसात वर झाड, खाली ड्रॅगन. प्रहरात वर शेतजमीन, खाली साप. खालचे प्राणी ओळखीचे असले तरी त्यांना इथे फारसं महत्त्व नाही. प्रत्येक फांदीच्या पोटात एक ते तीन खोडं दडलेली असतात आणि खरं वाचन त्यांचं असतं. कोंबड्याच्या पोटात फक्त दागिना. ड्रॅगनच्या पोटात डोंगर, वेल आणि पाऊस. मेंढ्यात शेतजमीन, ज्योत आणि वेल. सापात सूर्य, कुऱ्हाड आणि डोंगर.

नवराबायकोच्या आधी दिनस्वामी किती सशक्त आहे ते बघायचं असतं, आणि हौशी लोक नेमकी हीच पायरी गाळतात. धन असणं वेगळं आणि ते पेलणं वेगळं. आपलं झाड कोंबड्याच्या महिन्यात, म्हणजे साधारण ८ सप्टेंबर ते ८ ऑक्टोबर या भर शरदात जन्मलेलं. हा धातूचा कळस आणि लाकडाचा पडता काळ. मुळं म्हणाल तर ड्रॅगनमध्ये आणि मेंढ्यात थोडी वेल, ड्रॅगनच्याच पोटात थोडा पाऊस. वर पाण्याचा थेंब नाही. झाड अशक्त, हे ठरलं.

भावाच्या बाजूने बघू. त्याची पत्नी म्हणजे शेतजमीन, आणि ती प्रहराच्या खांबात उघड, त्याच्या अगदी शेजारी उभी आहे. शिवाय झाड आणि शेतजमीन यांचा बाझीत योग होतो. दहा खोडांत प्रत्येकाचा सहाव्याशी असा योग असतो, आणि यांग दिनस्वामीच्या पुरुषाला तो आपल्या पत्नीशीच लाभतो. यिन दिनस्वामीच्या पुरुषाला तसा लाभत नाही. त्याचा योग पत्नीऐवजी अधिकाऱ्याशी, म्हणजे नोकरीशी आणि नियमांशी होतो. तेव्हा पहिलं वाचन गोड येतं: बायको जवळची, आपणहून आलेली, त्याचाही जीव तिच्यात. पण पुढे मोजलं की मातीच माती. प्रहरावर शेतजमीन, मेंढ्यात शेतजमीन, ड्रॅगनमध्ये डोंगर, सापात डोंगर. जोडीदाराच्या घरात, म्हणजे ड्रॅगनमध्ये, सरळ धन नसून वाकडं धन मुख्य आहे. धन फार आणि अंग दुबळं, अशा पत्रिकेला जुने लोक श्रीमंत घरातला गरीब माणूस म्हणत. घरात बायकोचं चालेल, पैसा हातून जाईल, एकाहून अधिक नात्यांत ओढाताण होईल, असं भाकीत इथे ठरलेलं.

आता त्याच पत्रिकेत बहीण. तिच्या लेखी ती शेजारची शेतजमीन पती नव्हेच. ती पैसा आहे, फार तर सासरची माणसं. तिचा नवरा म्हणजे दागिना. तो वर्षाच्या खांबात उघड आहे आणि महिन्यातल्या कोंबड्यात त्याचं भक्कम मूळ आहे. भर ऋतूतला धातू, म्हणजे नवरा कर्तबगार. फक्त लांब आहे. दिवसाला खेटून नाही, वर्षात आहे. आणि दोघांच्या मध्ये महिन्याच्या खांबात ज्योत उभी आहे. ही ज्योत झाडाचं विरुद्ध ध्रुवाचं सर्जन. तिचं नावच ‘शांगग्वान’, अधिकाऱ्याला दुखावणारी. आग धातू वितळवते, म्हणजे या बाईचं बोलणं, तिची हुशारी, तिचा हट्ट नवऱ्याला जाळणार. अधिकाऱ्याला दुखावणारी अधिकाऱ्यासमोर आली की स्त्रीची पत्रिका बिघडली, असा जुना दंडक आहे, आणि अशा मुलीला ‘के-फू’, नवऱ्याला भारी, हा शिक्का बसे. पूर्वी लग्न ठरवताना दोन्हीकडची आठ अक्षरं लिहिलेले कागद एकमेकांच्या घरी जात. तिथे असा शिक्का बसला की स्थळ परत. मंगळाच्या पत्रिकेचा आपल्याकडचा ताप ज्यांनी बघितला आहे त्यांना जास्त सांगायला नको. ज्योत भावाच्या पत्रिकेतही तिथेच आहे, पण त्याच्याकडे ती कल्पकता आणि थोडा फटकळपणा एवढ्यावर भागते. त्याच्या बायकोला तर ती पोसतेच, कारण अग्नीतून माती होते.

पण काम जाणणारा ज्योतिषी बहिणीच्या पत्रिकेत इतक्यावर थांबत नाही. आग धातूवर थेट पडते आहे का, की मध्ये माती आहे, हे तो बघतो. इथे माती भरपूर आहे. आग मातीला पोसते, माती धातूला पोसते, आणि वार करायला निघालेली ज्योत फिरून नवऱ्याच्या कामी येते. शिवाय ड्रॅगन आणि कोंबडा यांचा योग होऊन ते धातूकडे झुकतात. म्हणजे तिचं जोडीदाराचं घर पतीच्या ताऱ्याशी हातमिळवणी करून आहे. उलट बाजूने सापाच्या पोटात कुऱ्हाड लपलेली आहे, सातवा मारेकरी, म्हणून सरळ आणि वाकडा अधिकारी मिसळल्याची कुरबूर राहतेच. एक ज्योतिषी या बहिणीला नवऱ्याला भारी म्हणेल, दुसरा कमावती आणि नवऱ्याचं भलं करणारी म्हणेल. दोघांकडे ग्रंथाचा आधार असेल. निकाल लावणारी कसोटी या शास्त्राच्या आत नाही, आणि बाहेर तपासून सिद्ध झालेली तर मुळीच नाही.

लग्न कधी, हे दहा-दहा वर्षांच्या दशकांवरून बघतात, आणि इथे जुळ्यांच्या वाटा आणखी फाटतात. यिन वर्षात जन्मलेल्या पुरुषाची दशकं महिन्याच्या खांबापासून उलटी चालतात, स्त्रीची सुलटी. यांग वर्षात नेमकं याच्या उलट. ऋतूच्या सांध्यापर्यंतचे दिवस मोजायचे आणि तीन दिवसांना एक वर्ष धरायचं. १९९१ यिन वर्ष. बहिणीला पुढचा सांधा साडेसात दिवसांवर, म्हणून तिची दशकं अडीचाव्या वर्षापासून. भावाला मागचा सांधा तेवीसेक दिवसांवर, म्हणून त्याची साडेसातापासून. भावाला साडेसतरा ते साडेसदतीस या ऐन लग्नाच्या वीस वर्षांत आधी वेल आणि मग दुसरं झाड येतं, दोन्ही भाऊबंद. अशक्त झाडाला ते हवेच आहेत, पण एका शेतजमिनीवर दोन झाडं हक्क सांगू लागतात. वेलीच्या दशकाचं तर नावच धन लुटणारा. म्हणजे जे त्याला बळ देतं तेच बायकोत वाटा मागतं. बहिणीला साडेबावीस ते साडेबत्तीस कुऱ्हाडीचं दशक, तेही पाणी घेऊन येणारं. नंतरच्या दशकात खुद्द दागिना. तिला उशिरा लग्नाचा सल्ला बहुतेक ठिकाणी मिळेल.

एकूण शक्य पत्रिका ५ लाख १८ हजार ४००. चीनची लोकसंख्या १४० कोटी धरली तर एकेका पत्रिकेचे सरासरी २,७०० धनी निघतात. त्यांच्या संसारांचं काय साम्य असतं, हा प्रश्न या विद्येला फार कुणी विचारत नाही.

जन्मवेळ म्हणजे कुठली वेळ, हा प्रश्न तर त्याहून साधा आणि रोजचा. चीनभर घड्याळ एकच, बीजिंगचं. हीच जुळी बीजिंगऐवजी पश्चिमेला शिंजियांगमधल्या उरुम्चीत, त्याच घड्याळाच्या दहा वाजता जन्मली असती, तर तिथल्या सूर्याप्रमाणे जेमतेम आठ वाजले असते. सापाचा प्रहर नऊ ते अकरा; आठ वाजता ड्रॅगनचा प्रहर. मग चौथ्या खांबात वर शेतजमिनीऐवजी डोंगर येतो आणि साप जातो. भावाच्या शेजारची सरळ पत्नी, तिच्याशी असलेला योग, सगळं नाहीसं होऊन तिथे वाकडं धन उभं राहतं. बहिणीच्या पत्रिकेतली लपलेली कुऱ्हाड सापाबरोबर गेली, ज्योतीचा एक आधार तुटला, आणि तिच्या नवऱ्याचा तारा एकदम निर्वेध झाला. काही ज्योतिषी सूर्याची वेळ घेतात, काही घड्याळाची. त्यात १९८६ ते १९९१ या वर्षांत चीनमध्ये उन्हाळ्यात घड्याळं एक तास पुढे केली जात, तो तास वजा करायचा पुष्कळदा राहूनच जातो. म्हणून बाझी बघायला बसणाऱ्याने दहा देवांच्या आधी ज्योतिषाला विचारावं, की तुम्ही वेळ कुठली धरलीत.